घरच्या माइकवर तोच शब्द दर वेळी फुटतो? संहितेत काय बदलायचं

घरी निवेदन रेकॉर्ड करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार कानावर येते. पॉप फिल्टर लावला, माइक बदलला, आवाज कमी केला, तरी ठरावीक शब्दांवर ‘धप्प’ येतोच आणि ठरावीक वाक्यात स कानाला टोचतोच. उपाय सगळे माइकच्या बाजूने होतात, वाचायचा कागद मात्र आहे तसाच राहतो. दोष जर दर वेळी त्याच शब्दावर येत असेल, तर त्याचं मूळ बहुतेकदा कागदावर असतं आणि तिथं तो कमी कष्टात सुटतो.

आधी ही अडचण आपल्याकडे इतकी का येते, ते पाहू. नेरूळ, वाशी, घोडबंदर रोड, कुठेही राहा, खिडकीबाहेर रिक्षा, लोकल, कुणाचं तरी ड्रिल आणि रात्री कुत्री असतातच. पंखा बंद केला, गाद्या उभ्या केल्या, तरी खोली पूर्ण शांत होत नाही. मग माणूस माइकच्या जवळ सरकतो, आणि ते बरोबरही असतं. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं, की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि बाहेरचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. वीतभर अंतरावरून चार बोटांवर आलं, तर गोंगाट बराच मागे पडतो.

या जवळिकीची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. प, फ, ब, भ म्हणताना ओठांमागे कोंडलेली हवा सुटते आणि वीतभर अंतरावर विरणारा तो झोत चार बोटांवर थेट माइकच्या पडद्यावर आदळतो. शिवाय समोरून ऐकणारे बहुतेक माइक जवळून बोललं की खालचे स्वर फुगवतात, त्यामुळे धक्का आणखी जड होतो. दुसरी किंमत स आणि श यांची. दातांमधून घासत जाणारी हवा जवळून ऐकली की तिची धार तशीच्या तशी पोहोचते.

आधी खात्री करा, दोष शब्दाचा आहे का

माइक आणि खुर्ची न हलवता तोच परिच्छेद तीनदा वाचा. तिन्ही वेळा ‘धप्प’ त्याच जागी आला, तर संहिता दुरुस्त करायची आहे. दर वेळी वेगळ्या जागी आला, किंवा जवळजवळ प्रत्येक प वर आला, तर माइक तोंडाच्या अगदी समोर आहे. तेव्हा शब्दांना हात लावू नका. माइक गालाच्या रेषेत, किंचित बाजूला आणा, फिल्टर त्याच्या आणि तोंडाच्या मध्ये ठेवा आणि चाचणी पुन्हा घ्या. हेच स बद्दल. सगळेच स टोचत असतील तर माइकचा स्वभाव किंवा त्याची दिशा तपासा. एखाद-दुसरंच वाक्य टोचत असेल, तर ते वाक्य तपासा.

ऐकताना फोनच्या स्पीकरवर विसंबू नका. ‘धप्प’चा जोर साधारण १५० हर्ट्झच्या खाली असतो आणि तो छोट्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. त्यामुळे फोनवर स्वच्छ वाटलेलं निवेदन गाडीत किंवा हेडफोनवर धक्के देतं. स च्या बाबतीत उलटं होतं, फोनवर तो जास्तच टोचतो. दोन्हीवर ऐका. ऑडॅसिटीत ट्रॅकचं दृश्य `Spectrogram` केलं, तर डोळ्यांनाही दिसतं. पॉप म्हणजे अगदी तळाशी पसरलेला डाग, स म्हणजे वरच्या भागातला दाट पट्टा. स चा जोर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर असतो, श चा त्याच्या खालून सुरू होतो. म्हणूनच स ची धार कमी करायला लावलेला डी-एसर कित्येकदा श ला सोडून देतो आणि आपल्याला वाटतं की तो बिघडलाय.

मराठीत नेमकं काय फुटतं

तळहात ओठांसमोर चार बोटांवर धरा आणि ‘पान’, ‘फळ’, ‘बाग’, ‘भात’ म्हणून पाहा. फ ला सर्वांत जास्त हवा लागते. भ आणि प त्याच्या खालोखाल, ब त्या मानाने गरीब. आता ‘पान’ आणि ‘पूल’ लागोपाठ म्हणा. ऊ, उ, ओ यांना ओठ गोल होतात, हवेची वाट अरुंद होते आणि झोत एका जागी लागतो. त्यामुळे फू, पू, फो, पो ही अक्षरं फा, पा यांच्यापेक्षा माइकला जास्त छळतात.

स चं गणित याच्या उलट आहे. ओठ गोल झाले की स ची धार उतरते. ‘सोनं’ मवाळ लागतं, ‘सीमा’ धारदार लागते. म्हणजे सी, सि, से कडे लक्ष द्यायचं आणि सो, सू कडे थोडं दुर्लक्ष केलं तरी चालतं. मराठीतला दंत्य च, म्हणजे ‘चमचा’, ‘पाच’, ‘चांगला’ यांतला, हाही ऐकायला अर्धा स च आहे. संहितेत स शोधणारे हा च नेहमी विसरतात.

पण अक्षरापेक्षा त्याची जागा जास्त महत्त्वाची, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीची किल्ली इथंच आहे. पूर्णविरामानंतर आपण श्वास घेतो, छाती भरलेली असते, आणि नव्या वाक्याचं पहिलं अक्षर त्या सगळ्या दाबावर बाहेर पडतं. तिथं ‘पण’ आला की तो फुटणारच. तोच प वाक्याच्या मध्यात, एखाद्या स्वरानंतर आला तर निमूट जातो. ‘पूर्वी इथं मिठागरं होती’ हे वाक्य फुटतं, ‘इथं पूर्वी मिठागरं होती’ हे बहुतेकदा फुटत नाही. एकही शब्द बदललेला नाही. मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा आहे, त्याचा फायदा घ्यायचा.

म्हणून दुरुस्ती नेहमी याच क्रमाने करा. आधी शब्द हलवून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्यय किंवा क्रियापद बदला. मुख्य नाम बदलायची वेळ शेवटी यावी, कारण नाम बदललं की अर्थ सरकायची भीती असते.

एक परिच्छेद, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सीवूड्सच्या एक ताई खाडीतल्या पक्ष्यांवर छोटी ध्वनिमालिका करतात. बेडरूममध्ये, कपाटाचं दार उघडं ठेवून, माइक चार-पाच बोटांवर घेऊन बोलतात. त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तीनही वाचनांत तेच शब्द फुटत होते. “दादा, फिल्टर दुसरा आणला, तरी फ्लेमिंगो काही ऐकेना,” असं त्या म्हणाल्या. त्यांचा परिच्छेद असा होता:

> फ्लेमिंगो पक्षी सर्वसाधारणपणे नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडी परिसरात वास्तव्यास असतात. भरतीच्या वेळेस चिखल पाण्याखाली गेल्यामुळे ते पाणथळ परिसरात स्थलांतरित होतात. पण भरती ओसरताच प्रचंड संख्येने ते परत खाडीत पोहोचतात. स्वतःची चोच उलटी करून ते चिखलातील सूक्ष्म शैवाल सतत शोषत असतात. पिसांचा प्रसिद्ध गुलाबी रंग याच शैवालापासून प्राप्त होतो.

वाक्यांची पहिली अक्षरं बघा: फ्ले, भ, प, स्व, पि. पाचपैकी चार वाक्यं ओठांच्या स्फोटाने सुरू होतात. पहिलं तर फ ने, आणि तेही परिच्छेदातला सर्वांत मोठा श्वास घेतल्यावर. कोणताही फिल्टर इतकं अडवणार नाही.

पहिल्या वाक्यात आम्ही काळाचा उल्लेख पुढे आणला. ‘नोव्हेंबरपासून मेपर्यंत’ हे ‘नोव्हेंबर ते मे’ झालं. ‘पासून’मधला स आणि ‘पर्यंत’मधला प दोन्ही गेले, अर्थ तसाच राहिला. ‘सर्वसाधारणपणे’ सरळ काढून टाकायचा मोह झाला होता, पण पक्षी काही तारीख बघून येत नाहीत. ‘साधारण’ ठेवलं. एकटा सा, पुढे आ, त्याने काही बिघडत नाही. ‘वास्तव्यास असतात’च्या जागी ‘मुक्कामाला येतात’ आलं. चतुर्थीचा ‘स’ हा जुना लेखी प्रत्यय आहे. ‘वास्तव्यास’, ‘वेळेस’, ‘सुरुवातीस’ हे बोलीत ‘ला’ किंवा ‘ई’ने सहज भागतं आणि प्रत्येक ठिकाणी एक सळसळ कमी होते.

मग प्रश्न ‘फ्लेमिंगो’चा. मराठीत या पक्ष्याला रोहित असं नाव आहे आणि र ला माइकचं काहीच वावडं नाही. पण सुरुवातीपासून नुसतं ‘रोहित’ म्हटलं तर नव्या श्रोत्याच्या डोळ्यांसमोर पक्षी येणार नाही. म्हणून एकदा ‘फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी’ असं वाक्याच्या मध्यात सांगायचं आणि पुढे रोहितच म्हणायचं. मालिकेच्या दुसऱ्या भागात ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ येतं, २०२२ मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं त्या संदर्भात. ते अधिकृत नाव, त्याला हात लावायचा नाही. सुदैवाने तिथं फ च्या आधी ‘खाडी’चा ई आहे, त्यामुळे ते फारसं त्रास देत नाही.

दुसऱ्या वाक्यातली ‘भरती’ बदलण्यासारखी नव्हती. पक्षी खाडी सोडून आतल्या पाणथळीत का येतात, याचं कारणच भरती आहे. ती फक्त एक शब्द मागे सरकवली: ‘खाडीला भरती आली, की’. ‘ला’तल्या आ नंतर भ पडला आणि दाब उतरला. ‘स्थलांतरित होतात’ हे तसंही चूक होतं. पक्ष्यांच्या बाबतीत स्थलांतर म्हणजे हंगामी लांबचा प्रवास, भरतीपुरतं चार किलोमीटर सरकणं नव्हे. ‘येऊन उभे राहतात’ हे अचूकही झालं आणि सोपंही.

तिसऱ्या वाक्याच्या तोंडचा ‘पण’ काढायचा म्हटलं की लोक ‘तसं असलं तरी’ लिहितात. पॉप जातो आणि त्याच्या जागी दोन स येतात. असा सौदा करू नका. ‘मात्र’ वापरा आणि तोही दुसऱ्या जागी: ‘त्यांना मात्र’, ‘आता मात्र’. या वाक्यात तर त्याचीही गरज पडली नाही, कारण ‘भरती ओसरताच’ऐवजी ‘ओहोटी लागली, की’ म्हटल्यावर विरोध आपोआप कळतो. ‘प्रचंड संख्येने’च्या जागी ‘मोठाले थवे’. इथं ‘असंख्य’ सुचलं होतं, पण तोही स.

चौथं वाक्य स च्या बाबतीत सर्वांत वाईट होतं. ‘सूक्ष्म शैवाल सतत शोषत असतात’, लागोपाठ पाच शब्द आणि प्रत्येकात स, श किंवा ष. एकेकटा यांतला कुठलाच शब्द वाईट नाही. त्यांची रांग वाईट आहे, कारण जीभ दातांजवळून हलतच नाही आणि सळसळ अखंड ऐकू येते. सगळे स काढायचे नसतात, रांग मोडायची असते. ‘शोषत असतात’ गेलं आणि ‘गाळून घेतात’ आलं, आणि तेच खरंही आहे. रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी-चिखल आत घेतो आणि कडांच्या जाळीतून अन्न गाळून घेतो. ‘असतात’ हे सहाय्यक क्रियापद मराठी संहितांत विनाकारण पेरलेलं असतं. ‘येत असतात’ म्हणजे ‘येतात’च, बहुतेक ठिकाणी. ‘सूक्ष्म’चं ‘बारीक’ केलं. ‘शैवाल’ ठेवलं, कारण रंगाचं कारण तेच आहे. ‘स्वतःची चोच’ यातलं ‘स्वतःची’ काढलं, दुसऱ्याची चोच कोण उलटी करणार? ‘चोच’ मात्र राहिली, दोन्ही दंत्य च सह, म्हणून तिच्या शेजारी स येणार नाही एवढं पाहिलं.

शेवटच्या वाक्यात ‘प्रसिद्ध’ आणि ‘प्राप्त’ या दोन प्र ची गरज नव्हती. सरकारी वळणाच्या मराठीत प्र फार असतो: प्राप्त, प्रस्तुत, प्रत्येक, प्रथम, प्रमाणे. ‘मिळतो’, ‘हा’, ‘दर’, ‘आधी’, ‘तसं’ यांनी काम भागतं (शेवटच्यात स येतो, तो शेजारी बघून वापरायचा). ‘पिसांचा’ ठेवला, फक्त आधी ‘त्यांच्या’ लावलं.

नवा परिच्छेद असा झाला:

> साधारण नोव्हेंबर ते मे ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, मुक्कामाला येतात. खाडीला भरती आली, की चिखल बुडतो आणि ते आतल्या पाणथळीत येऊन उभे राहतात. ओहोटी लागली, की मोठाले थवे उडतात आणि खाडीकडे वळतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलातलं बारीक शैवाल गाळून घेतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग येतो तो याच शैवालामुळे.

माइक, अंतर, फिल्टर सगळं तेच ठेवून ताईंनी पुन्हा वाचलं. पहिल्या अक्षरांचे धक्के गेले. ‘भरती’वर थोडासा राहिला, कारण त्या शब्दावर जोर द्यायची त्यांची सवय आहे आणि जोर दिला की मध्यातला भ सुद्धा उसळतो. तेवढ्या एका शब्दाला हनुवटी जरा बाजूला वळवली, की झोत माइकच्या कडेने जातो. कागदावर ‘भरती’वर छोटा बाण काढला. ‘फ्लेमिंगो’ स्वल्पविरामाआधी आहे, तिथं घाई न करता म्हटलं की पुरे होतं.

वाक्याची सुरुवात कशाने करावी

सर्वांत निर्धोक म्हणजे स्वर आणि म, न, ल, र, य, व, ह. आता, इथं, एका, मग, मात्र, नंतर, लांबून, रात्री, वर, हळूहळू हे सगळे शब्द श्वासानंतर बिनधास्त ठेवता येतात. वाक्य फार लांब असलं की त्यानंतरचा श्वास मोठा होतो आणि पुढचं पहिलं अक्षर जास्त जोरात येतं. म्हणून लांब वाक्यानंतरच्या शब्दाकडे दुप्पट लक्ष द्या. फार तुकडे पाडूनही चालत नाही, कारण जितकी वाक्यं तितकी पहिली अक्षरं.

शब्दांचे सांधेही तपासा. ‘झोप पूर्ण’, ‘खूप पाऊस’ म्हणताना दोन प एकत्र होतात, ओठ जास्त वेळ मिटून राहतात आणि दाब साठतो. ‘टप्पा’, ‘गप्पा’मध्ये हेच एका शब्दात होतं. ‘दिवस सुरू’, ‘खास सण’ यांत दोन स मिळून एक लांब फूत्कार होतो. मध्ये एखादा छोटा शब्द घालता आला तर घाला: ‘झोप नीट पूर्ण’, ‘दिवस आता सुरू’. हे डोळ्यांनी वाचताना सापडत नाही, पुटपुटत वाचावं लागतं.

संहितेनंतर उरलेलं

एवढं झाल्यावर जे राहील तेच सॉफ्टवेअरकडे द्या. ऑडॅसिटीत `High-Pass Filter` ८० हर्ट्झवर लावला की उरलेला हलका धक्का दबतो. स्त्रीचा आवाज असेल तर १०० पर्यंत जाता येतं. पुरुषाच्या जड आवाजात इतकं वर गेलं की आवाज पोकळ वाटू लागतो. माइकच भरून फाटला असेल तर मात्र फिल्टर काही करू शकत नाही, ते वाक्य पुन्हा वाचावं लागतं. डी-एसर ३-४ डेसिबलपलीकडे नेला की स बोबडा होतो आणि ‘सात’ ऐकताना बोलणाऱ्याचा दात पडलाय असं वाटतं. तसं ऐकू आलं तर डी-एसर कमी करा आणि त्या वाक्यातली स ची रांग शोधा.

दुसऱ्याचं पुस्तक वाचत असाल तर यातलं काहीच करायची मुभा नाही. लेखकाने ‘फुलपाखरू फडफडलं’ लिहिलं असेल तर ते तसंच वाचायचं, आणि कवितेत तर असा नाद मुद्दाम योजलेला असतो. तिथं आदल्या दिवशी कागदावर फ, भ, प ने सुरू होणारी वाक्यं आणि स च्या रांगा पेन्सिलीने खुणावून ठेवा. त्या वाक्यांआधी पोटभर श्वास घेऊ नका, अर्धा घ्या, आणि पहिल्या अक्षराला हनुवटी वळवा. लेखक ओळखीचे असतील तर एखादा शब्द जागेवरून हलवायला विचारून बघायला हरकत नाही. पूर्ण वाक्य नव्या क्रमाने लिहून त्यांच्यासमोर ठेवलं, तर होकार किंवा नकार लवकर मिळतो.